सोवळ्याच्या उंचीची दांडी

लग्न झालं तेव्हा मला वाचता येत होतं, आणि ते येतं हे सगळ्या लोणावळ्याला कळलं पाहिजे असं मला वाटत असे. आमचं दुकान बाजारात होतं. नळ, तोट्या, साबणदाण्या, आरशाखालच्या काचेच्या फळ्या, टॉवेलच्या दांड्या आणि कपडे अडकवायचे हूक. हा सगळा माल मुंबईकरांच्या बंगल्यांसाठी. गावातल्या माणसाला यातलं काही लागत नसे. भिंतीत खुंटी मारली की त्याचं न्हाणीघर सजलं. यांनी दुकान काढून दोन वर्षं झाली होती. पत्रं आली की मी ती यांच्या आधी फोडायची, वाचायची, आणि जेवताना सांगायची, जणू मुंबईने मलाच सल्ला विचारला आहे.

एका चैत्रात असंच एक पत्र आलं. अक्षर सुरेख, ओळी सरळ. लिहिणाऱ्या बाई मुंबईला मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त झाल्या होत्या. टेकडीच्या उतारावरचा दोन खोल्यांचा छोटा बंगला त्यांनी कायमचं राहायला घेतला होता. न्हाणीघरासाठी त्यांना पूर्ण संच हवा होता: दोन दांड्या, चार हूक, साबणदाणी, आरशाची फळी. सगळं न गंजणारं हवं. आणि मग दोन ओळी अशा होत्या, की त्या मला आजही पाठ आहेत. ‘जिन्यावरून पडल्यापासून माझा उजवा हात छातीच्या वर जात नाही, डावा जेमतेम कपाळापर्यंत पोचतो. भावाकडे मला दुसऱ्याच्या हाताने आंघोळ करावी लागते. इथे येते आहे ती एवढ्याचसाठी, की माझी आंघोळ माझी मला करता यावी. तरी दांड्या आणि हूक मी आल्यावर माझ्यासमोर लावावेत, उंची मी सांगेन.’

आता कुणीही शहाणी मुलगी काय करील? पत्र ठेवून देईल आणि बाईंची वाट बघेल. पण मी नुसती शहाणी नव्हते, मी अतिशहाणी होते. वय एकोणीस.

त्यात हे हिवतापाने पडले. कोयनेलच्या गोळ्या घेऊन कानात घंटा वाजताहेत, अंगावर तीन घोंगड्या, आणि मी उशाशी बसून विचारतेय, “बंगल्याचं काम करून घेऊ का? मिस्त्रीचाचा रिकामे आहेत. पाऊस सुरू झाला की भिंतीचं काम नीट होत नाही, तुम्हीच म्हणता.”

“हं,” हे म्हणाले.

ते ‘हं’ तापाचं होतं. मी ते परवानगीचं धरलं.

मिस्त्रीचाचा म्हणजे आमच्या दुकानाचा उजवा हात. पांढरी दाढी, कानामागे पेन्सिल, आणि मोजपट्टी कधी खिशात, कधी थेट डोळ्यात. माझ्या सासऱ्यांच्या वयाचे, पण मला ‘वहिनी’ म्हणायचे. मी दुकानातून संच काढायला गेले तेव्हा त्यांनी कागदात गुंडाळलेली पितळी दांडी पुढे केली. पिवळी, साधी, जड.

“ही कसली?” मी म्हटलं. “असं पितळ तर माझ्या स्वयंपाकघरात ढीगभर आहे. बाई मुंबईच्या आहेत, चाचा. ती चकचकीत द्या.”

चकचकीत म्हणजे निकेलचा मुलामा दिलेली. आरशासारखी. तिच्यात मला माझं नाक दिसलं, आणि ते छान दिसलं. संपलं.

“वहिनी, ही चमक वरवरची हाय,” चाचा म्हणाले. “आतनं लोखंड. मालकांनी ही देशावरच्या गिऱ्हाइकांसाटी ठिवलीय, कोरड्या गावांसाटी. हितं आपल्याकडं चार म्हैने ढग घरात येऊन बसत्यात.”

“मुलामा असल्यावर लोखंडाला पाणी लागेल कसं?”

चाचांनी दाढी खाजवली आणि संच उचलला. वाद न घालणाऱ्या माणसाला आपण जिंकलो असं समजायची मला तेव्हा सवय होती.

बंगल्यावर गेलो. न्हाणीघर लहानच, पण उजेडाचं. एका कोपऱ्यात तांब्याचा बंब ठेवायला ओटा, समोर शहाबादी फरशी, दाराशेजारची भिंत कोरडी. चाचांनी कानामागची पेन्सिल काढली. “सादारण माणसाला दांडी चार फुटांवर, हूक साडेपाचावर. पर बाई काय म्हनत्यात त्ये बगू या. थांबू या न्हवं?”

आणि इथे माझं माहेर मध्ये आलं.

आमच्या घरी सोवळं कडक. माजघरात छताखाली आडवा बांबू टांगलेला, त्यावर आजीचं सोवळ्याचं लुगडं आणि वडिलांचं पूजेचं धोतर. खालून जाणाऱ्या-येणाऱ्याचा स्पर्श होऊ नये म्हणून इतकं उंच, की कपडा टाकायचा आणि काढायचा तो काठीनेच. त्या काठीच्या टोकाला बेचकं असे. मी सहा वर्षांची असल्यापासून त्या काठीने लुगडं झेलायला शिकले होते. आमच्याकडे मुलींना रांगोळीच्या आधी ते येत असे. तेव्हा धुतलेला कपडा म्हणजे उंच, आणि उंच म्हणजे स्वच्छ, हे माझ्या हाडात शिरलेलं. डोक्याच्या खाली, जिथे कुणाचाही पदर घासेल, तिथे अंग पुसायचा टॉवेल? शी!

मी टाचा उंचावून, कोळशाने, हात पुरेल तितकी वर रेघ मारली. सहा फुटांच्या वर.

“वहिनी,” चाचा म्हणाले, “त्या बाईंचा हात वर जात न्हाई असं तुमीच वाचून दावलंत.”

“म्हणूनच तर,” मी म्हटलं. “हात वर न्यायचाच नाही. काठी देणार आहे मी त्यांना.”

यावर चाचा माझ्याकडे जे बघत राहिले, ते मला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

काम झालं. हूकही त्याच रेघेत, म्हणजे सगळं कसं सरळ. मी बाईंसाठी भाजे गावाहून कामाला ठेवलेल्या मावशींना बजावलं, “दर आठवड्याला स्टुलावर चढून चिंच आणि राख लावून दांड्या लख्ख घासायच्या. भांडी घासता तशा.” आणि स्वतः जाऊन बेचक्याची एक सुरेख काठी करून आणली, तिला तेल पाजलं, आणि न्हाणीघराच्या कोपऱ्यात उभी केली. वैशाखात बाई आल्या. बारीक अंगाच्या, ताठ मानेच्या, उजवा हात पोटाशी धरलेला. मी त्यांना न्हाणीघर दाखवलं. त्यांनी दांडीकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण त्या म्हणाल्या, “फार मनापासून केलं आहेस हं.”

हेही मला कौतुक वाटलं. माझ्याइतकी कौतुकं त्या वर्षी तालुक्यात कुणाची झाली नसतील.

हे बरे झाले, मी त्यांना सांगितलं काम झालं, बाई खूश. त्यांच्यापुढे कामं साचली होती, त्यांनी ‘बरं’ म्हटलं. मग पाऊस लागला.

आषाढात एका सकाळी मी अळूवड्यांचा डबा घेऊन बंगल्यावर गेले. वड्या निमित्त होत्या. मला माझी दांडी बघायची होती. ढग खाली आले होते, अंगणातलं जांभळाचं झाड अर्धंच दिसत होतं. दार उघडायला बाईच आल्या. केस ओले नव्हते, लुगडं कालचं चुरगळलेलं.

“मावशी कुठे गेल्या?”

“भातलावणीला. आठ दिवस झाले. त्यांचंही शेत आहे ना.” त्या हसल्या. “त्या होत्या तोवर टॉवेल हातात देत होत्या.”

टॉवेल हातात देत होत्या. म्हणजे दार उघडं ठेवून, मावशी बाहेर उभ्या, आणि बाई आत. ज्याच्यापासून पळून त्या इथवर आल्या, तेच मी त्यांच्यासाठी सहा फुटांवर ठोकून ठेवलं होतं.

टेबलावर अर्धं लिहिलेलं पत्र होतं. मला वाचता येत होतं ना! नको तिथेही वाचता येत होतं. ‘प्रिय दादा, तू म्हणत होतास तेच खरं. एकटीने राहणं मला जमेलसं वाटत नाही. पावसाने उघडीप दिली की मला न्यायला...’ पुढे शाई वाळलेली.

मी न्हाणीघरात गेले. टॉवेल खुर्चीवर होता. खुर्ची ओल्या फरशीवर, त्यामुळे टॉवेलही ओला. एक कोपरा उचलून बघितला तर पांढऱ्या टॉवेलवर आडवा तांबडा पट्टा, गेरूने ओढावा तसा. वर बघितलं. माझी चकचकीत दांडी! मावशींनी माझी आज्ञा इतकी पाळली होती की चिंचेने आणि राखेने निकेलचा मुलामा जागोजागी खरवडून गेला होता, आणि जिथे गेला होता तिथून लोखंड गंजून वर आलं होतं. स्क्रूंच्या डोक्याशी तर भिंतीवर तांबडे ओघळ. काठी कोपऱ्यात होती तशीच, तिला बुरशी आली होती.

“काठी...” मी म्हटलं.

“प्रयत्न केला गं,” बाई दारातून म्हणाल्या. “काठीही वरच धरावी लागते.”

इतकी साधी गोष्ट. काठीही वरच धरावी लागते. माझ्या माहेरच्या सगळ्या पिढ्यांना जी माहीत होती ती मला एका दुखऱ्या खांद्याने सांगावी लागली. मी तिथेच फरशीवर बसले आणि रडायला लागले, आणि रडता रडताही मला वाटत होतं की निदान अळूवड्या चांगल्या झाल्यात.

“बाई, पत्र टाकू नका,” मी म्हटलं. “चार दिवस थांबा.”

“तू पत्र वाचलंस?”

“हो.”

“चांगली मुलगी आहेस,” त्या म्हणाल्या, “पण दुसऱ्याची पत्रं वाचतेस तर नीट पूर्ण तरी वाचत जा. मी लिहिलं होतं की उंची मी सांगेन.” एवढंच त्या बोलल्या. मुख्याध्यापिकेने ओरडावं तसं नाही. वर्ग सुटल्यावर पाटीवरची चूक हळूच दाखवावी तसं. पत्राचा कागद मात्र त्यांनी पुस्तकात ठेवला. “चार दिवस. पाचव्या दिवशी मी ते पुरं करीन.”

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काठीसुद्धा. सगळं ऐकून हे म्हणाले, “मला ताप होता. तुला काय झालं होतं?”

मी पदरात तोंड लपवलं. हसू आवरत नव्हतं त्यांना, ते मला पदराआडूनही कळत होतं. पण दुसऱ्या क्षणी ते उठले, दुकानात गेले, आणि गल्ल्याच्या खणातून घोड्याच्या नालासारखं लोहचुंबक काढून माझ्या हातात दिलं. “लावून बघ प्रत्येकाला.”

चकचकीत दांडीला चुंबक टणकन चिकटलं. पितळेच्या दांडीला लावलं तर घरंगळून खाली. एक तिसरीही दांडी होती, तितकीच चकचकीत. तिला लावलं तर तिथेही ते चिकटेना. “आत पितळ, वर क्रोमियम,” हे म्हणाले. “ती महाग, पण ती इथे टिकेल. नुसतं पितळही टिकेल. काळवंडेल, हिरवं पडेल, पुसलं की परत पिवळं. पण कपड्याला तांबडा डाग देणार नाही. आणि क्रोमियमला चिंच-राख लावायची नाही हं! ओल्या फडक्याने पुसायचं, कोरड्याने कोरडं करायचं.” मग चाचांना म्हणाले, “स्क्रूसुद्धा पितळी घ्या. दांडी पितळी आणि स्क्रू लोखंडी लावला की पहिल्यांदा स्क्रूच सडतो, आणि दांडी एक दिवस टॉवेलासकट खाली.”

बाईंना आम्ही साधं पितळच दिलं. बाईंनीच निवडलं. “हात लावला की ऊबदार वाटतं,” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी आणि चाचा बंगल्यावर. चाचा दाराबाहेर मोजपट्टी घेऊन थांबले, आत मी आणि बाई. मी कोळसा आणला नव्हता. कुंकू आणलं होतं, ओल्या भिंतीवरही उठून दिसावं म्हणून.

“बाई, स्टुलावर बसा. आंघोळीला बसता तशा. आता डोळे मिटा.”

“डोळे कशाला?”

“तोंडाला साबण लावल्यावर उघडे कुठे असतात? आता साबण ठेवा.”

त्यांनी डोळे मिटून डावा हात पुढे केला. जिथे बोटं आपोआप थांबली तिथे मी कुंकवाचा ठिपका लावला. फरशीपासून दोन फूट, जेमतेम. “आता टॉवेल घ्या.” हात बाजूला गेला. ठिपका. “आता उभ्या राहा. अंग पुसून झालं. लुगडं घ्या.” उभ्या राहताना त्यांचा हात एकदम भिंतीकडे गेला, काही धरायला. मी तिथेही ठिपका लावला आणि आणखी एक ठिपका झाला म्हणून बाहेर ओरडून सांगितलं.

चाचांनी दाराआडून विचारलं, “वहिनी, त्यो ठिपका कसला?”

“उठताना धरायला हात जातो.”

“मंग तितं टॉवेलची दांडी न्हाई चालायची. टॉवेलची दांडी टॉवेलचाच भार उचलती. मानूस लोंबलं की खिळे उपटून हातात येत्यात. त्याला येगळा जाड पाइप लावतो, दोन्ही बाजूला चार चार लांब स्क्रूंनी. भिंतीत सागाची फळीच बसवतो म्होरं, तिच्यात.”

बाई डोळे उघडून हळूच म्हणाल्या, “हे बाहेरचे गृहस्थ तुझ्यापेक्षा हुशार आहेत.”

“हो. चैत्रापासून सांगत होते,” मी म्हटलं.

चाचा आत आले तेव्हा भिंतीवर माझे सहा-सात लाल ठिपके होते, देवीचं मखर मांडावं तसे. त्यांनी एकेक मापून भिंतीवर आकडा लिहिला. दांडी सव्वातीन फुटांवर, आणि पूर्वीच्या जागेवरून, बंबाजवळून, हलवून दाराशेजारच्या कोरड्या भिंतीवर, तांब्याचं पाणी उडणार नाही तिथे. लुगड्या-पोलक्याचे हूक चार फुटांवर, एकमेकांपासून वीतभर दूर, म्हणजे ओल्याला सुकं लागत नाही. हूकही टोकाला गोळी असलेले, नाहीतर काठ फाटतो. आरशाची फळी आता बाईंना नको झाली, ती त्यांनी परत पाठवली. “या वयात आरसा नजरेच्या वरच राहिलेला बरा,” म्हणाल्या.

छिन्नीने भोकं पाडली ती तोंडाशी लहान आणि आत रुंद, म्हणजे सागाचा खुंटा सिमेंटमध्ये धरला की ओढून निघत नाही. खुंटे रात्रभर अळशीच्या तेलात भिजवले होते, पावसाने फुगू नयेत म्हणून. सिमेंट नीट धरायला पूर्ण दोन दिवस ठेवले. माझ्या जुन्या भोकांत चुना भरला. चाचांनी वर बघून म्हटलं, “ह्या भोकांतली येक दांडी आठवनीसाटी ठिवू का वहिनी?”

“चाचा!”

“न्हाई, पाल बसंल झोके घेत.”

चौथ्या दिवशी स्क्रू आवळले. प्रत्येक दांडी चाचा स्वतः पारखून बघत होते. टॉवेलच्या दांडीला हाताने नुसतं ओढून, जाड पाइपला मात्र दोन्ही पाय उचलून. पाइप हलला नाही. मी बंब पेटवला. पाणी कढलं, बादली भरली. टॉवेल, लुगडं, पोलकं सगळं बाईंनी आपल्या हाताने अडकवलं, मग आमच्याकडे बघून म्हणाल्या, “आता तुम्ही दोघं बाहेर.”

दार लागलं. आतून कडी बसल्याचा आवाज आला.

चाचा ओसरीवर जाऊन बसले. मी खोलीत, दारापासून चार हातांवर. बाई म्हणाल्या असत्या तर मी अंगणात गेले असते, पण म्हणाल्या नव्हत्या. तांब्या बादलीत बुडाल्याचा आवाज. पाणी पडल्याचा. मग साबण ठेवल्याचा, टक. पुन्हा पाणी. मग बराच वेळ काहीच नाही. मी उठले. हाक मारावी वाटली, जीभ दाताखाली धरली. कडी लावलेलं दार आहे. हाक मारली की ते उघडं असल्यासारखंच होईल, हे तरी मला त्या आठवड्यात कळलं होतं.

आत पितळेच्या पाइपला बांगडी लागल्याचा आवाज झाला. त्या उठल्या असाव्यात. मग कापडाची सळसळ, खूप सावकाश. मी श्वास मोजत होते, कितीपर्यंत मोजले कुणास ठाऊक.

कडी निघाली. बाई बाहेर आल्या. निऱ्या एकीकडे उतरल्या होत्या, पदर तिरका, मानेवर साबणाचा एक पांढरा ठिपका राहिला होता. चेहरा मात्र असा, की मी तो निऱ्यांचा दोष सांगायचं सोडून दिलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला दिसलेली चूक मी बोलून दाखवली नाही.

“दादाचं पत्र त्या पुस्तकात आहे,” त्या म्हणाल्या. “बंबाखाली अजून निखारे असतील.”

त्या खिडकीतल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मी पत्र घेऊन बंबाकडे निघाले, आणि वाटेत खाली बघितलं. न्हाणीघराच्या दारापासून खुर्चीपर्यंत फरशीवर ओल्या पावलांचे ठसे उमटले होते. एकाच माणसाचे. ते पुसायला मी फडकं घेतलं, मग ते तसंच हातात धरून, पावलं सुकेपर्यंत, उभी राहिले.